मशीन त्यांचं, तोंड माझं

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत नवं मशीन बसवायचं असलं की जर्मनीहून इंजिनिअर येतो, आणि तो व फिटर यांच्या मधे दुभाष्या म्हणून मला उभं करतात. दुभाष्याचा नियम असा की समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. त्यामुळे ‘हे फाउंडेशन मला मान्य नाही’ असं माझ्या तोंडून बाहेर पडलं की अख्खं शॉप माझ्याकडे बघतं. फाउंडेशन ज्यानं ओतलं तो कॉन्ट्रॅक्टर जरा जास्तच निरखून बघतो.

शब्द अडला तर शोधायला सवड नसते. कॉम्प्रेसर धडधडत असतो, आणि इंजिनिअरचं वाक्य पुरं व्हायच्या आत फिटरचा हात पान्यावर गेलेला असतो. त्यात मराठीत नकार येतो वाक्याच्या शेपटाला. ‘हे बोल्ट आत्ताच फुल टाइट करू नका’ यातलं ‘नका’ येईपर्यंत दोन बोल्ट फुल टाइट झालेले असतात. एका बाजूचे बोल्ट असे आवळले की मशीनच्या बेडला पीळ बसतो आणि सकाळपासून लावलेली लेव्हल पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मनाईचं वाक्य आलं की आधी ‘थांबा’, मग बाकीचं: ‘थांबा. बोल्ट सध्या हातानंच बसवा. पाना नंतर, समोरासमोरचे आलटून पालटून.’ व्याकरण गेलं तरी चालतं, लेव्हल जायला नको. ‘स्टॉप’ची ओरड मात्र भाषांतरात घ्यायचीच नाही. ती कोणीही मारली तरी ऑपरेटरनं माझ्या तोंडाकडे न बघता लाल बटण दाबायचं, हे मशीन चालू करण्याआधीच ठरवून टाकावं.

आकडे हा याहून मोठा घातपात. इंजिनिअर म्हणतो ‘फ्युन्फ टाउझेंडस्टेल’, म्हणजे मिलिमीटरचे पाच हजारांश, पाच मायक्रॉन. घाईत ‘पाच हजारांश’ म्हटलं की जुन्या फिटरच्या डोक्यात थेट ‘पाच थाऊ’ उमटतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 25.4 मायक्रॉन. पाचाचे झाले एकशे सत्तावीस, आणि दोघंही समाधानानं मान डोलावतात. तेव्हा बोलताना फक्त मायक्रॉन. आकडा मार्करनं पुठ्ठ्यावर लिहायचा, आधी इंजिनिअरला दाखवायचा, मगच फिटरला.

आता खरी परीक्षा, स्पिंडलची, म्हणजे हत्यार धरून फिरणाऱ्या दांड्याची. त्याचा टेपर, म्हणजे तोंडाचं निमुळतं भोक, पुसून त्यात टेस्ट बार, म्हणजे तपासणीचा सरळ दांडा, लावतात, टेबलावर मॅग्नेटिक स्टँड आणि डायल ठेवतात, आणि स्पिंडल हातानं सावकाश फिरवतात. समजा, टेस्ट शीटनुसार डायलचा काटा स्पिंडलच्या तोंडाशी 10 आणि तिथून 300 मिलिमीटरवर 20 मायक्रॉनपर्यंत हललेला चालतो. तोंडाशी काटा 8 दाखवतो, खाली टोकाला 38. इंजिनिअर कपाळाला आठ्या घालून म्हणतो, स्पिंडलला ‘श्लाग’ आहे.

श्लागचा शब्दकोशातला पहिला अर्थ फटका. तो तसाच सांगितला की फटका कधी बसला, क्रेन कोण चालवत होतं, पेटी कोणी आपटली, असं सुरू होतं. ट्रान्सपोर्टवाला फोनवर शपथा घेतो, इन्शुरन्सची फाइल बाहेर निघते. डायल राहतो बाजूला. अशा वेळी शब्द जसा ऐकला तसाच म्हणावा आणि इंजिनिअरला विचारावं, ‘कुठं दिसतंय?’ तो काट्याकडे बोट दाखवतो, फिटर वाकून बघतो आणि म्हणतो, ‘आऊट मारतंय की!’ म्हणजे फिरताना डगमगतंय. झालं. पुठ्ठ्यावर श्लागसमोर ‘आऊट’ लिहायचं आणि दिवसभर तेच वापरायचं. फिटरला वस्तू माहीत असते, अडतं ते फक्त नावाशी.

पण आऊट कुणाचं, बारचं की स्पिंडलचं? तोंडाशी कमी आणि टोकाला जास्त, म्हणजे बार तिरका बसला असण्याचा संशय. काटा सर्वांत जास्त जातो तिथं बारवर आणि स्पिंडलवर समोरासमोर खूण करायची. मग बार काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावायचा. जास्तीची जागा बारच्या खुणेबरोबर गेली तर खोट बारमध्ये, स्पिंडलच्या खुणेशीच थांबली तर स्पिंडलमध्ये. आपल्या उदाहरणात ती बारबरोबर जाते. बारचा जो निमुळता भाग स्पिंडलमध्ये जातो त्यावर नख फिरवलं की गंजरोधक तेलाचा वाळलेला ठिपका लागतो. तो पुसला की तोंडाशी 5, टोकाला 14. ट्रान्सपोर्टवाल्याला पुन्हा फोन करायचं काम कोणाचं, हे सांगायला नकोच.

पहिला जॉब लावण्याआधी पूजेचं ताट येतं. बेडवर नारळाचं पाणी नको आणि टेबल ज्यावरून सरकतं त्या गाईडवेवर हळद-कुंकू नको, असं इंजिनिअर सांगतो. बारीक पूड वायपरखाली अडकून गाईडवे घासला जातो, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. तरी सांगलीत हळदीला नको म्हणायचं म्हणजे धाडसच. नारळ जमिनीवर फोडा, हळद कंट्रोल पॅनेलच्या दाराला लावा, असा तोडगा निघतो. मात्र इथंही ‘थांबा’ आधी आणि जरा मोठ्यानं, कारण नारळ पान्यापेक्षा लवकर खाली येतो.