इलेक्ट्रिक गाडीच्या स्पीकरची वायर काढू नका

"इलेक्ट्रिक गाडी घेतलीय? मग हे वाचाच! गाडी मुळात शांत असते, पण कंपन्या बंपरमागे स्पीकर लपवून खोटा आवाज काढतात. हे ध्वनिप्रदूषण आहे. यामुळे अपघात टळतात याचा काही पुरावा नाही. मग हॉर्न कशाला दिलाय? हा स्पीकर बॅटरी खातो, रेंज कमी करतो आणि त्याचे हजारो रुपये उकळले जातात. गॅरेजवाल्याला सांगून वायर काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. नाहीतर त्यावर आपल्या आवडीचं गाणं लावून घ्या. आणि एवढी सुरक्षिततेची काळजी असेल तर ई-स्कूटरला हा आवाज का नाही? सर्वांना पाठवा."

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला आणि खाली लिहिलं, "शनिवारी गाडी गॅरेजला नेतोय, काढूनच टाकतो." म्हणून हे सविस्तर लिहितोय. नुसतं वाचून पुढे ढकलण्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं, पण हा मेसेज लोकांना गाडीतली सुरक्षेची वस्तू उपटायला सांगतोय.

आधी आवाज किती असतो ते बघू. या यंत्रणेला एव्हास म्हणतात. तिच्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा वाहन नियम २०१६ पासून लागू आहे. गाडी ताशी १० किलोमीटरने जात असेल तर दोन मीटरवर निदान ५० डेसिबल, २० किलोमीटरला निदान ५६ आणि रिव्हर्समध्ये निदान ४७ डेसिबल आवाज ऐकू आला पाहिजे, असं तो सांगतो. समोरासमोर उभं राहून आपण साधं बोलतो ते साठ डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे ही किमान पातळी त्याहूनही खालची. वरची मर्यादाही घातलेली आहे: पुढे जाताना ७५ डेसिबलपेक्षा जास्त नको. आणि हा आवाज कायम चालू नसतो. या नियमाप्रमाणे तो गाडी हलल्यापासून ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये लागतो. अमेरिकेत ही हद्द ३० पर्यंत आहे, आणि तिथे गाडी गिअरमध्ये टाकून उभी असली तरी आवाज यावा लागतो. त्यापुढच्या वेगाला टायर रस्त्यावर घासल्याचा आवाज आपोआप इतका वाढतो की पेट्रोलची गाडी आणि इलेक्ट्रिक गाडी यांत कानाला फारसा फरक उरत नाही. म्हणून स्पीकर हळूहळू मंदावत बंद होतो. महामार्गावर तो वाजतच नाही. वाजतो तो सोसायटीच्या गेटपाशी, पार्किंगमध्ये, गल्लीत, जिथे माणसं गाडीच्या अगदी जवळ असतात.

पुराव्याचं म्हणाल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने हेच तपासलं होतं. अनेक राज्यांतल्या पोलिसांच्या अपघातनोंदी घेऊन त्यांनी हायब्रिड गाड्यांची तुलना तशाच पेट्रोल गाड्यांशी केली. २००९ च्या पहिल्या अहवालात दिसलं की वेग कमी करताना, थांबताना, मागे घेताना, पार्किंगमध्ये शिरताना किंवा तिथून निघताना पादचाऱ्याला धडक बसण्याची शक्यता हायब्रिडच्या बाबतीत जवळपास दुप्पट होती. २०११ मध्ये जास्त नोंदी घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा एकूण फरक पादचाऱ्यांसाठी ३५ टक्के आणि सायकलस्वारांसाठी ५७ टक्के निघाला. हायब्रिड गाड्या शहरात जास्त फिरतात, त्यामुळे आकडा थोडा फुगला असेल, असा आक्षेप घेता येतो. पण फरक सगळ्यात मोठा दिसला तो नेमका कमी वेगाच्या हालचालींत, जिथे ती गाडी बॅटरीवर चालत असते. शहरात जास्त फिरणं एवढंच कारण धरलं तर ही गोष्ट सुटत नाही. याच कामाच्या आधारावर तिथे २०१६ च्या अखेरीस नियम अंतिम झाला. युरोपने जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक व हायब्रिड गाडीला ही यंत्रणा सक्तीची केली.

हॉर्नचा मुद्दा मला सगळ्यात बिनडोक वाटतो, कारण हॉर्न ड्रायव्हर वाजवतो आणि त्यासाठी ड्रायव्हरला समोरचा माणूस दिसावा लागतो. ज्याला ड्रायव्हरने पाहिलंच नाही, त्याच्यासाठी हा आवाज आहे. सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग घ्या. गाडी ताशी ५ किलोमीटरने मागे येतेय, म्हणजे सेकंदाला साधारण दीड मीटर. चार मीटरवर कुणीतरी पाठमोरं उभं राहून डिकीतून पिशव्या काढतंय. तीन सेकंदांच्या आत गाडी त्यांच्यापर्यंत पोचते. ड्रायव्हरचं लक्ष बाजूच्या खांबावर आहे, त्यामुळे हॉर्न वाजत नाही. पेट्रोलची गाडी असती तर इंजिन चालू झालेलं कानावर पडून ती व्यक्ती आपसूक वळली असती. दृष्टिहीन माणसाच्या बाबतीत तर प्रत्येक रस्ता ओलांडताना हेच होतं. गाडी आहे का, कुठून येतेय, थांबतेय की निघतेय, हे सगळं तो कानाने ठरवतो. पांढरी काठी समोरचा खड्डा सांगते, दहा मीटरवरची गाडी सांगत नाही. अमेरिकेत हा प्रश्न लावून धरला तो अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने, आणि त्यातूनच तिथला कायदा आला.

आता मेसेजमधला खरा घातक भाग, वायर काढण्याचा. तिथे नेमकं काय उपटलं जाणार आहे हे माहीत असावं म्हणून आतली रचना सांगतो. बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या आत पाणी-धूळ सोसणारा एक छोटा स्पीकर असतो. काही गाड्यांत मागेही एक असतो. त्याच्याशी जोडलेलं कंट्रोल युनिट गाडीच्या अंतर्गत जाळ्यावरून वेग आणि गिअर यांची माहिती सतत घेतं आणि साठवलेला ध्वनी त्याप्रमाणे बदलतं. नुसता मोठा नव्हे, चढासुद्धा करतं. ताशी ५ ते २० किलोमीटरच्या दरम्यान वेग एक किलोमीटरने वाढला की स्वर सरासरी निदान ०.८ टक्के चढला पाहिजे, असा नियम आहे. पंधरा किलोमीटरला मिळून ते १२ टक्के होतात, म्हणजे जवळजवळ सा पासून शुद्ध रे पर्यंतचं अंतर. ऐकणाऱ्याला गाडी वेग घेतेय की मंदावतेय हे न बघता कळतं ते यामुळेच.

स्वराची निवडही कुणाच्या आवडीवर सोडलेली नाही. १६० ते ५००० हर्ट्झ या टप्प्याचे छोटे पट्टे पाडलेत. निदान दोन पट्ट्यांत आवाज ठरलेल्या पातळीचा हवा, आणि त्यातला निदान एक १६०० हर्ट्झच्या पट्ट्यात किंवा त्याखाली हवा. वय वाढतं तसे आधी वरचे स्वर ऐकू येईनासे होतात. आमच्या काकूंना दाराची बारीक बेल ऐकू जात नाही, पण हाक ऐकू येते. अशा कानांसाठी खालचा पट्टा आहे. फार खालचा स्वर घ्यावा तर छोट्या स्पीकरमधून तो नीट निघत नाही आणि रस्त्याच्या घरघरीत बुडतो. शिवाय एकाच बारीक सुराचा आवाज कुठून येतोय हे कानाला पटकन ठरवता येत नाही, अनेक पट्टे असलेल्या आवाजाची दिशा लवकर कळते. तो आवाज थोडा भुरभुरता, घोंघावणारा वाटतो याचं कारण हे आहे.

सुरुवातीच्या काही गाड्यांत आवाज थांबवायचं बटण असायचं. लोक ते दाबून ठेवायचे. म्हणून २०१७ च्या सुधारणेत असं बटणच ठेवू नये असं ठरलं. जे बटण जाणूनबुजून काढून टाकलं, तेच काम आता गॅरेजमध्ये पक्कड घेऊन करायला हा मेसेज सांगतोय. आणि आत बसलेल्या माणसाला फरक कळणारही नाही, कारण तो आवाज बाहेरच्यासाठी असतो. काचा लावल्या की आत जेमतेम पोचतो. कळेल ते पार्किंगमधल्या त्या पाठमोऱ्या माणसाला.

बॅटरीचा हिशेब दोन ओळींचा आहे. स्पीकर दहा वॅटचा धरा आणि तो अख्खा तासभर वाजला असं समजा: खर्च दहा वॅट-तास. गाडीला एका किलोमीटरला दीडशे वॅट-तास लागतात असं धरलं तर यात पासष्टेक मीटरची रेंज गेली. पैशांचं म्हणाल तर मारुतीने जुलै २०२३ मध्ये ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला ही यंत्रणा बसवली तेव्हा किंमत चार हजारांपर्यंत वाढवली होती. दहा-पंधरा लाखांहून जास्तीच्या गाडीत याला लूट म्हणता येत नाही.

आवडीच्या गाण्याचं तर करून झालेलं आहे. टेस्लाने गाडीबाहेरच्या स्पीकरवर हवे ते आवाज वाजवायची सोय दिली होती. चालत्या गाडीत ते आवाज पादचाऱ्यांसाठीच्या इशाऱ्याला झाकून टाकतात म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ५ लाख ७८ हजार गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला. रस्त्यावर गाणं ऐकू आलं तर माणूस कुठेतरी गाणं लागलंय असंच समजणार, गाडी अंगावर येतेय असं नाही.

राहता राहिला स्कूटरचा प्रश्न, आणि तो मान्य करावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढलेल्या मसुदा अधिसूचनेत १ ऑक्टोबर २०२६ पासून नव्या इलेक्ट्रिक मॉडेलना आणि १ ऑक्टोबर २०२७ पासून सध्याच्या मॉडेलना एआयएस-१७३ या मानकाप्रमाणे आवाज सक्तीचा करायचं म्हटलं आहे. पण ते कार, बस, ट्रक यांच्यापुरतं. दुचाकी आणि ई-रिक्षा त्यात नाहीत, आणि आपल्या गल्ल्यांत न ऐकू येता अंगाला चाटून जाणारी वाहनं बहुतेक तीच असतात. ही उणीव खरी आहे. भर गर्दीच्या रस्त्यावर चारी बाजूंनी हॉर्न चालू असताना ५६ डेसिबलचा इशारा बुडतो, हेही खरं. तिथे त्याचा उपयोग थोडाच. पण म्हणून शांत गल्लीतला इशारा काढायचा, हे कुठून आलं?

वायर आधीच काढली असेल तर जोडून घ्या. बंपरचं काम करून आणलेली गाडी असेल तरी एकदा तपासा, कारण बंपर परत बसवताना स्पीकरचं कनेक्टर सैल राहून जाऊ शकतं. पावसाळ्यात चिखल बसूनही आवाज दबू शकतो. काही गाड्या बिघाड डॅशबोर्डवर दाखवतात, पण दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक असं धरू नका. रात्री पार्किंग शांत झाल्यावर काचा लावून एकाने गाडी ब्रेकवर पाय ठेवून हळू पुढे आणि मागे घ्यायची, दुसऱ्याने बाजूला दोन मीटरवर, भिंतीपासून मोकळं उभं राहून गाडीकडे पाठ करून ऐकायचं. हायब्रिड असेल तर इंजिन बंद, गाडी बॅटरीवर असतानाच ही चाचणी घ्यायची. पुढे-मागे दोन्हीकडे आवाज स्पष्ट आला आणि पुढे जाताना वेगाबरोबर चढला तर ठीक. नाही आला, तर शनिवारी गॅरेजला नक्की न्या, आणि तो सुरू करून आणा.