आडवं माप की उभं?

"वयाच्या दोन वर्षांनंतर वाढीच्या तक्त्यावरची उंचीची रेष खाली वळली, तर मूल मागे पडतंय असं समजा."

अहो, आधी मोजलं कसं ते विचारा! गुहागरकडे आमच्या अंगणवाडीत दोन वर्षांखालचं मूल निजवून मोजतो, पुढे उभं करून. उभं माप साधारण ०.७ सेंटीमीटर कमीच भरतं. गणपतीत मुंबईच्या चुलतभावाशेजारी उभी केलेली एक चिमुरडी अशीच 'खुरटी' ठरली. दुसऱ्या वाढदिवसाला निजवून ८३.२, उभी ८२.५. आईने दोन्ही आकडे निजवून मोजायच्या तक्त्यावरच मांडलेले. उभं माप उभं मोजायच्या तक्त्यावर टाकल्यावर पोर आपल्या जुन्याच रेषेवर! (चुलतभाऊ चार महिन्यांनी मोठा, हे कुणी धरलंच नव्हतं.) टाचा भिंतीला टेकवून पुन्हा मोजा; त्यानंतरही काही महिने रेष खालीच जात राहिली, तर डॉक्टर गाठा.