कापलेल्या दोरीच्या गणिताबाबत खुलासा

"दोन टोकांना उभ्या दोऱ्यांनी आडवी टांगलेली दांडी, एक दोरी कापताच दुसरीवर पूर्ण वजन mg येते."

जुन्या संदेशातील हे उत्तर चुकीचे असून m वस्तुमानाच्या, L लांबीच्या दांडीसाठी उरलेल्या दोरीतला खरा ताण T त्या क्षणी mg/4 आहे. कापण्याच्या क्षणी दांडी स्थिर असली तरी समतोलात नसते. उरलेले टोक त्या क्षणी खाली सरकू शकत नाही, म्हणून त्याभोवती आघूर्ण घेतल्यास mgL/2 = (mL²/3)α, म्हणजेच कोनीय त्वरण α = 3g/(2L) मिळते. मध्यबिंदूचे त्वरण त्यामुळे 3g/4 येते आणि mg − T = 3mg/4 यावरून T ठरतो. 2 किलोच्या दांडीत प्रत्येक दोरीवरचा 9.8 न्यूटन ताण वाढत नाही, उलट 4.9 वर उतरतो. दांडी एकसारखी आणि दोरी न ताणणारी हवी. दोरीऐवजी स्प्रिंग असल्यास त्या क्षणी ताण mg/2 च राहतो, त्यामुळे स्प्रिंगकाट्याने पडताळणी करू नये. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये.