पँट बुटाच्या बाहेरच हवी: लहानग्यांच्या गमबूट-रेनसूटबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

«लहान मुलांचे गमबूट दोन नंबर मोठेच घ्या, पाय पटकन आत जातो आणि बूट जास्त दिवस पुरतात. पँट बुटात नीट खोचा, म्हणजे मोजे कोरडे राहतील. रेनसूट एकसंध घ्या, पाणी शिरायला फट नको. आणि पाच वर्षांच्या आत मूल हे सगळं स्वतः घालेल अशी अपेक्षा ठेवू नका.»

मी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शिकवते. पाऊस असला तरी आम्ही बाहेर जातो, त्यामुळे ओले मोजे पिळायचं काम माझ्याकडे भरपूर येतं. हा मेसेज पालक मोठ्या विश्वासाने एकमेकांना पाठवतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

आधी नंबर. मुलाचा पाय अडतो तो बुटाच्या गळ्यात, घोट्याच्या वळणावर. बूट लांब घेतल्याने तो गळा फारसा सैल होत नाही. पाय सहज जायला हवा असेल तर तीन गोष्टी बघा: बुटाचं तोंड रुंद आहे का, आतलं अस्तर गुळगुळीत आहे का, आणि वर दोन्ही बाजूंना मुलाची मूठ मावेल एवढ्या कड्या आहेत का. कडी धरून ओढता आली की तीन वर्षांचं मूलही टाच खाली बसवू शकतं.

लांबीचं गणित साधं आहे. मोजा घालून पाऊल टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजायचं आणि त्यात १२ मिलिमीटर मिळवायचे. या वयात पाऊल वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं, म्हणजे वाढीलाही तेवढी जागा बऱ्यापैकी पुरते. युरोपीय मापात दोन नंबर म्हणजे १३ मिलिमीटरच्या वर, ब्रिटिश मापात जवळजवळ १७. ते या १२ मध्ये मिळवले की बोटांपुढे अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त पोकळी राहते.

आमच्याकडे साडेतीन वर्षांची एक मुलगी असेच बूट घालून यायची. पाऊल १६.४ सेंटीमीटर, बूट आतून १९. गमबुटाला बंद नसतात, तो पायाच्या चढाला धरून राहतो. त्यामुळे प्रत्येक पावलाला तिची टाच उचलली जायची, आणि चिखलात बूट रुतला की नुसता मोजा घातलेला पाय बाहेर. दिवसातून तीनदा तिचे मोजे ओले व्हायचे आणि घरी समजूत अशी की बूट गळतो. मी पुठ्ठ्याची १७.६ सेंटीमीटरची पट्टी कापून दिली. ती बुटात सपाट सरकली पाहिजे; वाकली तर बूट लहान, पुढेमागे बोटभर हलली तर मोठा. नवा बूट त्या पट्टीने निवडला आणि तो त्रास संपला.

आता पँट खोचण्याबद्दल. सगळ्यात जास्त मोजे यानेच भिजतात. पावसाचं पाणी जॅकेटवरून पँटवर आणि पँटवरून खाली ओघळतं. पँट बुटात असली की ते सरळ बुटात उतरतं, आणि जो बूट बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तो आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. पँट बुटावरून खाली आली पाहिजे. ती वर सरकू नये म्हणून चांगल्या रेनपँटच्या पायाला खाली इलॅस्टिकचा पट्टा असतो, तो बुटाच्या तळव्याखालून, टाचेच्या जरा पुढे जातो. हा पट्टा झिजून तुटतो, म्हणून तो बटणाने लागणारा, बदलता येणारा घ्या.

मोजा कुठे ओला आहे ते पाहिलं की पाणी कुठून आलं ते कळतं. वरच्या काठापासून खाली ओला असेल तर पाणी वरून शिरलंय. चवड्याच्या एका बाजूला ओला डाग असेल तर बूट जिथे दुमडतो तिथे चिरलाय. आणि तळवा आणि बोटं सारखीच दमट असतील तर तो घाम आहे. रबराच्या बंद बुटात तो येणारच. त्यावर उपाय नवा बूट नव्हे. सुती मोज्याऐवजी लोकरीचा मोजा घाला आणि बुटातला सुटा तळ रोज बाहेर काढून वाळवा.

एकसंध सूट चालायला लागलेल्या बाळाला ठीक आहे. स्वतः शौचालयात जाणाऱ्या मुलाला तो अडचणीचा. खांद्यापासून सगळं उतरवावं लागतं, बाह्या ओल्या फरशीवर लोळतात आणि मग त्याच ओल्या बाह्या परत अंगात. छातीपर्यंत येणारी पट्ट्यांची पँट आणि तिच्यावर कुल्ल्यांखाली येणारं जॅकेट घेतलं तर मूल डबक्यात बसलं तरी पाणी शिरायला वाट राहत नाही. शिवणी मात्र आतून उलटवून पाहा. त्या वितळवून जोडलेल्या असाव्यात किंवा त्यांवर आतून सलग पट्टी चिकटवलेली असावी. पहिली गळती बैठकीच्या चौकात होते, जिथे चार शिवणी भेटतात, कारण बसल्यावर तिथे अंगाचा भार पाणी आत दाबतो. पावसाच्या थेंबाचा दाब त्यापुढे काहीच नाही. घरी तपासायचं तर पँटच्या आत बैठकीवर कोरडा टिश्यू ठेवून मुलाला दहा मिनिटं निथळत्या टॉवेलवर बसवा.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण मुलं हे करताना मी रोज बघते. तळव्याखालचा तो पट्टा बुटावरून ओढून बसवणं तीन-चार वर्षांच्या हाताला खरंच जमत नाही. म्हणून तो सोडवायचाच नाही. अग्निशमन दलाचे जवान करतात तसं करायचं: बूट पँटच्या पायांत घालून, पट्टे तळव्याखाली अडकवून, पँट बुटांभोवती चुण्या करून खाली दाबून ठेवायची. बुटांची तोंडं वर उघडी राहतात. मूल मागे बुटक्या स्टुलावर बसतं, कड्या धरून एकेक पाय आत घालतं, उभं राहतं आणि पँट वर ओढतं. पँटची छातीची बाजू समोर ठेवली की डावा-उजवा बूट चुकण्याचा प्रश्नच येत नाही. खांद्याचे पट्टे इलॅस्टिकचे असतील तर बकल उघडूच नका. लांबी एकदा बेतून द्या, मूल ते खांद्यावरून सरकवून घेतं.

जॅकेट जमिनीवर उताणं पसरायचं, टोपी मुलाच्या पायांकडे. वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि जॅकेट डोक्यावरून मागे टाकायचं. चेनची खालची पिन खाचेत बसवणं बहुतेकांना चार-पाच वर्षांपर्यंत जड जातं, तेवढं आपण करून द्यावं. वर ओढायला चेनला लांब दोरीचा तुकडा बांधला की पुढचं मूल करतं. टिचबटणांना बोटांत जोर लागतो, त्यापेक्षा वेल्क्रो बरं, फक्त त्यात अडकलेला चिखल वाळल्यावर ब्रशने काढावा लागतो.

या पद्धतीत एक अडचण आहे. पँटमध्ये अडकून राहिलेला बूट आतून वाळत नाही. मोजा दमट निघाला त्या दिवशी बूट बाहेर काढायचे, तळ उपसायचा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी ते बदलायचे. हीटरजवळ ठेवायचे नाहीत, रबर चिरतं. सकाळी मूल उठायच्या आत मोठ्या माणसाने बूट परत पँटमध्ये बसवून ठेवायचे.