‘सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला’ या फॉरवर्डला उत्तर

“व्हॅलोरंट किंवा सीएस टूसाठी पीसी बांधताय? मग सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, प्रोसेसर कुठलाही चालतो. रॅम ३२ जीबी टाका, बाकी काही बघू नका. सरासरी ३०० एफपीएस दिसले की काम झालं. डोळ्याला ६० च्या वर दिसतच नाही, १४४ आणि २४० हर्ट्झ हे निव्वळ मार्केटिंग. एवढं करूनही लॅग आला तर नेट बदला.”

हे दोन्ही नेमबाजीचे गेम जिंकण्यासाठी खेळणारे बहुतेक जण १०८०पी किंवा त्याहून कमी रिझोल्यूशनवर, अर्ध्याअधिक सेटिंग्ज ‘लो’ ठेवून खेळतात. त्यामुळे कार्डाला रंगवायचं काम फार उरत नाही. पण प्रत्येक फ्रेमआधी दहा खेळाडू कुठे आहेत, गोळी कुठे गेली, पावलांचा आवाज कुठून येतोय, हे सगळं प्रोसेसरला ठरवावं लागतं, आणि मगच तो कार्डाला काय काढायचं ते सांगतो. सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे २४० एफपीएस, हवे असतील तर या सगळ्यासाठी त्याच्या हातात दर फ्रेमला फक्त ४.१७ मिलिसेकंद असतात. शिवाय यातलं बरंचसं काम गेमच्या एक-दोन मुख्य थ्रेडवर, म्हणजे एकामागून एकच करता येणाऱ्या कामांच्या साखळ्यांवर, चालतं, म्हणून बारा कोअर घेतले तरी ते वाटून संपत नाही.

तुमचा पीसी कुठे अडतोय हे पाच मिनिटांत कळतं. गेममध्ये रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणा. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले. एफपीएस चांगले वाढले तर अडचण कार्डाची होती. जिथल्या तिथेच राहिले तर कार्ड आधीपासूनच प्रोसेसरची वाट बघत बसलं होतं, आणि त्याहून मोठं कार्ड घेतलंत तर तेही तसंच बसेल.

प्रोसेसर निवडताना गिगाहर्ट्झच्या आधी एल-थ्री कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी, बघा. गेमला सारखी लागणारी माहिती कॅशेत सापडली नाही की प्रोसेसरला रॅमपर्यंत जावं लागतं, आणि त्या एका फेरीत त्याच्या शेकडो सायकल फुकट जातात. रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी, ९८००एक्सथ्रीडी हे या गेममध्ये इतके पुढे दिसतात ते मुख्यतः ९६ एमबी कॅशेमुळे. ते बजेटबाहेर असतील तर ३२ एमबीचा रायझन ५ ७६०० चांगला. आपल्याकडे खरी फसगत होते ती खालच्या बजेटमध्ये. ५६०० आणि ५६००जी ही नावं दुकानदार एका दमात घेतो, पण पहिल्यात ३२ एमबी कॅशे आहे आणि दुसऱ्यात १६. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणारच असाल तर ‘जी’वाला घेण्यात काही हशील नाही.

रॅमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ३२ जीबी असायला हरकत नाही, पण पट्ट्या कशा बसवल्यात यावर सगळं ठरतं. ३२ ची एकच पट्टी लावली तर प्रोसेसरचा दोनपैकी एक मेमरी चॅनेल रिकामा राहतो. १६-१६ च्या दोन पट्ट्या घ्या आणि चार स्लॉटच्या मदरबोर्डवर सहसा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतंच. त्यानंतरची पायरी असेंबल करून देणारेसुद्धा विसरतात. डीडीआर५ ची ६००० ची किट विकत घेतली म्हणून ती आपोआप ६००० वर चालत नाही. बायोसमध्ये EXPO किंवा XMP चालू करेपर्यंत ती ४८०० किंवा त्याच्या आसपासच चालते. Task Manager मधल्या Memory पानावर Speed समोरचा आकडा बघा. पैसे भरून बंद ठेवलेल्या रॅमची कितीतरी मशीन मी उघडली आहेत.

आता सरासरीकडे येतो, कारण या फॉरवर्डमधलं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते.

दोन पीसी घ्या. पहिला दर सेकंदाला १८० फ्रेम काढतो, प्रत्येक साधारण ५.६ मिलिसेकंदांची. दुसरा एका सेकंदात २०० फ्रेम ४ मिलिसेकंदांच्या काढतो, म्हणजे ८०० मिलिसेकंद झाले. उरलेल्या २०० मिलिसेकंदांत तो अडखळत फक्त दहा फ्रेम काढतो, प्रत्येक २० मिलिसेकंदांची. कोपऱ्यातला काउंटर पहिल्याला १८० म्हणेल आणि दुसऱ्याला २१०. स्क्रीनशॉट टाकायचा तर दुसराच जिंकला. पण २४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरवर त्या दहा फ्रेमपैकी प्रत्येक जवळजवळ पाच रिफ्रेश तशीच चिकटून राहते, आणि हे दर सेकंदाला दहा वेळा होतं. तेवढ्यात माउस पुढे गेलेला असतो, क्रॉसहेअर मागे असतो आणि मग एकदम उडी मारतो. हात असल्या धक्क्यांना सरावत नाही. एकसारख्या १८० ला तो दोन दिवसांत सरावतो.

म्हणून मोजायचा तो फ्रेम टाइम. प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स फुकट मिळतात. एक पूर्ण मॅच नोंदवा आणि आलेख बघा. सपाट रेघ हवी. सरासरीशेजारी ‘१% लो’ हा सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा आकडा दिसतो, तो सरासरीपासून जितका खाली, तितकी मशीन अडखळणारी. आलेखावरची टोकं कशी येतात यावरून रोगही कळतो. ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखी येत असतील तर मागे काहीतरी चाललेलं असतं. बऱ्याचदा पंख्यांच्या लाइटचं किंवा तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर. एखादी अ‍ॅबिलिटी पहिल्यांदा दिसली तेव्हाच टोक आलं आणि पुढच्या मॅचला आलं नाही तर ते शेडर, म्हणजे ते दृश्य रंगवण्यासाठी कार्डाला लागणारा कोड, तयार होण्याचं आहे, सोडून द्या. अर्ध्या तासानंतर रेघच वर सरकत गेली तर उष्णता. एप्रिल-मेमध्ये अकोला-नागपूरकडच्या खोलीत चाळीस अंश असताना, समोर काचेचं बंद पॅनेल असलेली सुंदर केस हे काम बिनबोभाट करते. जाळीची केस आणि बरा टॉवर कूलर यांवर घातलेले पैसे लायटिंगपेक्षा लाखपटीने बरे.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट आहे, जी ऐकताना उलटी वाटते. कार्ड ९९ टक्क्यांवर पोचलं की प्रोसेसर त्याच्या पुढे धावतो आणि तयार केलेल्या फ्रेम रांगेत लावून ठेवतो. समजा १५० एफपीएस येताहेत आणि रांगेत दोन फ्रेम आहेत. एक फ्रेम ६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे तुमचा क्लिक पडद्यावर यायच्या आधी तेरा मिलिसेकंद नुसता रांगेत उभा. एफपीएसचा आकडा याबद्दल अवाक्षर काढत नाही. इथे थोडे एफपीएस सोडले तर प्रतिसाद सुधारतो. एनव्हिडियाने २०२० मध्ये आणलेलं रिफ्लेक्स हेच करतं: प्रोसेसरला थांबवून धरतं आणि फ्रेम अगदी वेळेवर बनवायला लावतं. दोन्ही गेमच्या व्हिडिओ सेटिंग्जमध्ये ते आहे, चालू करा. सीएस टूमध्ये एएमडीच्या कार्डांसाठी अँटी-लॅग २ आहे. यातलं काहीच चालत नसेल तर हातानेच मर्यादा घाला. कार्ड ९९ वर जाणार नाही इतपत, आणि मॉनिटरला कार्डाच्या तालावर चालवणारं जी-सिंक किंवा फ्रीसिंक वापरत असाल तर मॉनिटरच्या रिफ्रेशच्या थोडी खाली. २४० हर्ट्झला सीएस टूच्या कन्सोलमध्ये एवढं पुरतं:

```
fps_max 225
```

डोळ्याच्या मुद्द्यावर शाळेतल्या पट्टीनेच बोलू. शत्रू पडद्यावर सेकंदाला १९२० पिक्सेल वेगाने, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सेकंदात जातोय, आणि तुमची नजर त्याच्या मागे आहे. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी थांबतं, नजर मात्र सरकत असते, म्हणून तो सुमारे ३२ पिक्सेल पसरल्यासारखा दिसतो. २४० ला हाच पट्टा ८ पिक्सेलांचा. लांबच्या शत्रूचं डोकं कधीकधी तेवढ्याच पिक्सेलांचं असतं. आणि दिसण्याचं सोडलं तरी वेळेचा हिशेब उरतोच. मॉनिटर चित्र वरून खाली काढत येतो. क्रॉसहेअर मध्यावर असतो, तिथे पोचायला ६० हर्ट्झला आठ मिलिसेकंद जातात आणि २४० ला दोन.

मात्र इथे विक्रेत्यांच्याही आहारी जाऊ नका. ६० वरून १४४ वर गेलात की दर फ्रेमला ९.७ मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून २४० ला २.८, आणि २४० वरून ३६० ला फक्त १.४. प्रोसेसर २४० टिकवू शकत नसेल तर १४४ किंवा १८० हर्ट्झचा आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घ्या आणि उरलेले पैसे प्रोसेसरकडे वळवा. खोक्यावरच्या ‘१ एमएस’वर जाऊ नका, स्वस्त व्हीए पॅनेलवर काळोख्या कोपऱ्यातली आकृती मागे काळी शेपूट सोडते, आणि मॉनिटरच्या मेनूतला, पिक्सेल लवकर बदलायला लावणारा ओव्हरड्राइव्ह सगळ्यात वर नेला की शेपटीऐवजी पांढरी कडा उमटते. मधली पातळी बहुधा ठीक.

नवा मॉनिटर लावल्यावर विंडोज त्याला बऱ्याचदा ६० वरच ठेवतं. Settings, System, Display, Advanced display असं जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. केबल डिस्प्लेपोर्टची लावा, आणि ती ग्राफिक्स कार्डात लावा. मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये केबल खोचून महिनोन् महिने खेळणारे लोक आहेत, आणि ते विनोदाने घ्यायचं कारण नाही, कारण त्यांनीही शेवटी कार्डालाच दोष दिला होता.

नेटचा संशय फेडायचा तर क्रॉसहेअरकडे बघा. तुमची नजर गुळगुळीत फिरतेय, पण समोरचे खेळाडू मध्येच उडी मारतात, मारलेली गोळी लागत नाही, तर नेट. वाय-फाय सोडून लॅनची वायर लावा आणि पिंगच्या आकड्यापेक्षा तो किती हलतोय ते पाहा. दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातून पिंग शंभराजवळ जात असेल तर आधी गेमने तुम्हाला कुठल्या सर्व्हरवर नेलंय ते तपासा. पण तुमचा स्वतःचा क्रॉसहेअरच अडकत असेल तर त्यात नेटचा काही हात नाही. खात्री हवी असेल तर सीएस टूमध्ये बॉट्ससोबत आपल्याच मशीनवर मॅच लावा आणि लॅनची वायर काढून टाका. धक्के तरीही आले तर नवं कनेक्शन घेण्याआधी बायोस उघडा.