एक तृतीयांश ठोका उशिरा

माझ्या बहिणीने आजवर मला विश्वासाने दोनच गोष्टी दिल्या. एक दुरुस्तीला दिलेला मिक्सर, जो आता माझ्या माळ्यावर आहे. दुसरा तिचा मुलगा.

"दहावी झालीय. मे महिनाभर घरात बसून काय करणार? तुझ्याबरोबर बँडमध्ये लग्नांना ने. चार पैसे मिळतील आणि चार माणसांत वावरेल," ती म्हणाली. बाबूने चार माणसांत वावरावं म्हणून त्याला शंभर माणसांच्या वरातीपुढे पितळी भोंगा देऊन उभं करायचं, ही कल्पना फक्त आईलाच सुचू शकते.

बाबू किती लाजरा? तो आमच्या फोंड्याच्या घरी आला तर बेल वाजवत नाही. कोणीतरी आपणहून दार उघडेपर्यंत बाहेर उभा राहतो. हॉटेलात गेलो तर दुसऱ्यांनी काय मागवलं ते ऐकतो आणि "मलाही तेच" म्हणतो, त्यामुळे दोन वर्षं तो न आवडणारी मिसळ खातोय. हे सगळं मी आधी लक्षात घेतलं असतं तर माझे पंधरा दिवस वाचले असते. कारण ट्रम्पेटवरही तो नेमकं हेच करत होता.

सूर त्याचे वाईट नव्हते. शाळेच्या बँडमध्ये दोन वर्षं काढल्यामुळे तीन पिस्टनवर बोटं बरी पडायची. पण लय! आम्ही दोघं मिळून साधी सरळ धून वाजवायला लागलो की माझ्यामागून त्याचा सूर यायचा. लांबून नाही, अगदी थोडा मागून, डोंगरावर कोणी हाक मारली की प्रतिध्वनी येतो तसा. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघे वाजवताय की एकटाच विहिरीत वाजवतोयस?"

शेजाऱ्यांची शांतता जपायची म्हणून सराव बेडरूममध्ये, कपाटाचं दार उघडून. ट्रम्पेटचं तोंड सरळ कपड्यांत. लोंबते कपडे आवाज चांगला खातात, भोंग्यात बोळा कोंबण्यापेक्षा हे बरं, कारण बोळ्याने वाजवणाऱ्याला फुंकायला अडतं आणि सूरही हलतो. त्यामुळे पंधरा दिवस बाबूने बायकोच्या पैठणीला वरातीची धून ऐकवली. पैठणीच्या बाजूने तक्रार आली नाही. पैठणीच्या मालकिणीची रोज यायची.

लय शिकवायची माझी पद्धत मी मेस्ताकडून उचललेली. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना दो-रे-मी आणि ताल शिकवायचे, आणि तिथून चर्चच्या संगीतमास्तरांची, म्हणजे मेस्तांची, परंपरा चालत आली. माझे मेस्त सूर लावण्याआधी महिनाभर नुसता हात हलवायला लावत. चार मात्रांसाठी खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. चुकलं की पट्टी. बहिणीचा मुलगा असल्यामुळे पट्टी मला वापरता येत नव्हती, म्हणून मी मोबाइलवर मेट्रोनोम लावला. मिनिटाला 120 ठोके. चालत्या वरातीला ही गती बरी पडते, डावा-उजवा, डावा-उजवा.

टक टक टक टक. बाबू प्रत्येक ठोक्याच्या मागे.

मी गती कमी केली. 100. मागेच. 80. मागेच. मग मी पहिल्यांदा शहाण्यासारखं काहीतरी केलं: रेकॉर्ड केलं आणि डोळे मिटून ऐकलं. इथेच मला पहिला धागा सापडला. ज्याची लय कच्ची असते तो कधी पुढे जातो, कधी मागे, मनात आलं तर घसरत घसरत दुसऱ्याच गावाला पोहोचतो. बाबू घसरत नव्हता. तो दर वेळी तेवढाच उशिरा होता. एखादी बस रोज बरोब्बर दहा मिनिटं उशिरा येत असेल तर ड्रायव्हरला घड्याळ कळत नाही असं नसतं, तो दहा मिनिटं कुठेतरी चहाला थांबत असतो.

बाबू कुठे थांबत होता? तर 'टक' ऐकायला. ठोका ऐकायचा, पडल्याची खात्री करायची, मग वाजवायचं. ठोका कानावर पडून माणसाचं शरीर हलायला साधारण सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा जातो, तो कितीही हुशार असला तरी. 120 च्या गतीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे गडी ठोक्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग दाराबाहेर उभा, कोणी उघडेल म्हणून. जो लयीत वाजवतो तो ठोका ऐकून वाजवत नाही. पुढचा ठोका कुठे पडणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, तो तिथे जाऊन उभा राहतो आणि ठोका त्याच्या अंगावर पडतो.

खात्री करायला मी एक गंमत केली. मेट्रोनोम चालू, बाबू वाजवतोय, आणि चार ठोके मी आवाज बंद केला. थांबायला काही उरलंच नाही. पोरगं बिचारं वाजवत राहिलं, आणि पाचव्या ठोक्याला आवाज पुन्हा चालू केला तर बरोब्बर त्याच्या सुरावर! ठोका परत आल्याबरोबर तो पुन्हा मागे सरकला, जणू मोठी माणसं खोलीत आली.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "लय? अरे, चवथीला आरतीत घुमटांबरोबर कासाळें तोच वाजवतो. सगळा वाडा त्याच्यावर नाचतो." बरोबरच होतं. आरतीच्या गर्दीत कासाळें कोण वाजवतंय ते कुणी बघत नाही. ट्रम्पेटमागे मात्र लपायला जागा नसते, ते तोंडासमोर धरूनही तोंड झाकत नाही.

आता उरला श्वास. हा दुसरा चोर. बाबू इशारा मिळाल्यावर श्वास घ्यायचा, म्हणजे आधीच उशिरा, त्यात पुन्हा पाण्यात उतरताना घेतो तसा भीत भीत, अर्धा. मी नियम केला: चौथ्या मात्रेवर श्वास, पहिल्या मात्रेवर सूर. एक, दोन, तीन, हाऽ. श्वास ही तयारी नाही, तीही एक मात्राच आहे, फक्त आवाज न करता वाजवलेली. दोन दिवस त्याने नुसता माऊथपीस घेऊन हेच केलं, घरात मोठी गांधीलमाशी शिरल्यासारखा आवाज.

आणि तिसरी गोष्ट जिभेची. सूर सुरू करताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे हवं आणि सुटताना 'तू' व्हायला हवं. बाबू म्हणत होता 'हू'. आधी नुसती हवा जाते, मग ओठ दचकतात, मग सूर उगवतो.

"तू म्हण," मी म्हणालो.

"हू."

"तू!"

"मामा, मोठ्यांना कसं..."

"बाबू, मला तू म्हणतोसच की! ट्रम्पेटलाही तसंच. तोंडावर. तू!"

ज्या पोराला पानपट्टीवाल्याला अरे-तुरे करता येत नाही त्याच्याकडून मी अर्धा तास पैठणीला 'तू तू' करून घेतलं. मधल्या वेळी बायको कपाटातून टॉवेल घ्यायला आली आणि काही न बोलता टॉवेल न घेताच गेली.

पहिली सुपारी म्हार्दोळच्या बाजूची. वरात चालत होती तोवर पाय साथ देत होते, बाबू दुसऱ्या ट्रम्पेटवर ठाकठीक. खरी परीक्षा पुढे होती: मंगलाष्टकं. तिथे मात्रा मोजून उपयोग नसतो. मंगलाष्टकातच वाजंत्र्यांनी गलबला करू नये म्हणून बजावलेलं आहे, आणि आमचा अख्खा धंदा त्या शेवटच्या 'सावधान'नंतरच्या गलबल्यावर उभा आहे. अडचण अशी की 'सावधान' एक नसतो. प्रत्येक अष्टकाला एक. मधल्या एखाद्याला भोंगा वाजला की अंतरपाट धरणाऱ्याच्या हातातून कापड सुटतं आणि लग्न मुहूर्ताआधीच लागतं. शेवटच्याला उशीर झाला की सगळा मांडव आपल्याकडे बघतो. शिवाय भटजींचं शेवटचं झालं असं वाटतं तेव्हा नवरीच्या मावशीला स्वतः रचलेलं आठवतं.

बँडमास्तरांचा हात वर होता. ते 'न' ऐकून हात खाली आणणार, आणि हात खाली आलेला बघून बाबू वाजवणार. म्हणजे दोन उशीर एकावर एक. मी त्याच्या कानात म्हणालो, "हाताकडे बघू नको. भटजींबरोबर श्वास घे. 'शुभ मंगल' म्हणाले की हवा आत. 'साव' वर जीभ दातांना. 'धान' संपलं की सोड. आणि ऐकू नको. ऐकत बसलास की गेलास."

मावशींचं झालं. एका काकांचंही झालं. भटजींनी पोथी मिटली, तेव्हा कळलं की हेच ते. मी श्वास घेतला. आणि तेवढ्यात मनात आलं: बाबू वेळेवर येतो का बघूया. कान त्याच्याकडे लावला.

"...साऽवधाऽन!"

अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला आणि बाबूचा सूर फटाक्यासारखा सुटला. ढोल त्याच्याबरोबर. क्लॅरिनेट त्याच्याबरोबर. त्यानंतर, ठोक्याच्या साधारण एक तृतीयांश अंतराने, पहिला ट्रम्पेट.

बँडमास्तरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

जेवणाच्या पंगतीत बाबू माझ्या शेजारी बसला. वाढपी आला, "खतखतं?" म्हणाला, आणि बाबूने दुसऱ्या कोणी काय घेतलंय ते न बघता पान पुढे केलं. मग ट्रम्पेटची चावी दाबून त्यातलं पाणी झटकावं तितक्या सहज मला म्हणाला,

"मामा, तू ऐकत होतास ना?"