तीन कॅलरींचा ताळा

ताळेबंद जुळल्याशिवाय उठायचं नाही, अशा खात्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे डॉक्टरांनी "काय खाता ते जरा लिहून ठेवा" असं सांगितलं, तेव्हा आपण माकडाच्या हाती कोलीत देतोय हे त्यांना कळलं नसावं. मी त्याच संध्याकाळी वजनकाटा आणला, मोबाइलवर नोंदीचं ॲप घेतलं आणि चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला माझा ताळा चुकला.

चुकला तो उकडलेल्या राजम्यात. ॲप म्हणत होतं, 100 ग्रॅममध्ये 127 कॅलरी. खाली फोड दिली होती: प्रथिनं 8.7 ग्रॅम, कर्बोदकं 22.8, चरबी अर्धा ग्रॅम. आता प्रथिनाच्या ग्रॅमला 4, कर्बोदकाला 4 आणि चरबीला 9 हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी बेरीज केली. 130 आले. पुन्हा केली. 130 आणि वर थोडे दशांश. तीन कॅलरी गेल्या कुठे?

तीनच, असं तुम्ही म्हणाल. ऑफिसात आमच्याकडे असं म्हणणाऱ्याची बदली होते.

झोप येईना म्हणून उकडलेलं अंडं तपासलं. तिथे तर उलटाच प्रकार! 100 ग्रॅमला माझी बेरीज 150, ॲपचा आकडा 155. म्हणजे राजम्यात पैसे कमी आणि अंड्यात जास्त. कोणीतरी एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतंय, याबद्दल माझी खात्री पटली. माझी ताई कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. तिला फोन लावला.

"अरे, बारा वाजलेत," ताई म्हणाली. "कोण गेलं?"

"तीन कॅलरी गेल्या."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या येते." आली ती माझ्या वहीच्या पाठच्या पानावर पेन घेऊनच बसली.

"तुझा मूळ पगार आणि हातात पडणारा पगार एकच असतो का? प्रथिनाचंही तसंच आहे. भट्टीत पूर्ण जाळलंस तर एका ग्रॅमचे साधारण 5.65 कॅलरी निघतात. पण शरीर म्हणजे भट्टी नव्हे. प्रथिनातला नायट्रोजन शरीराला जाळता येत नाही. यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. त्या युरियात जळण्याजोगं अजून काही शिल्लक असतंच. ते गेलं बाहेर. ग्रॅममागे सव्वा कॅलरी."

"म्हणजे 4.40," मी तत्परतेने म्हणालो. वजाबाकीत मला कोणी हरवत नाही.

"आणि खाल्लेलं सगळं पचत नाही. सरासरी 92 टक्के पचतं असं धर. आता?"

"4.05."

"तेच ते 4. अ‍ॅटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे बसवलं. माणसाला बंद खोलीत कित्येक दिवस ठेवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता मोजायचा तो."

कित्येक दिवस खोलीत कोंडून कुणी मोजतंय, हे ऐकून मला त्या गृहस्थाबद्दल आपलेपणा वाटला. पण राजमा?

"ते 92 टक्के मिश्र आहाराचे आहेत," ताई म्हणाली. "कडधान्यातलं प्रथिन इतकं पचत नाही. जुन्या तक्त्यांत ते 78 टक्के धरलंय, म्हणून त्याचा भाव 3.47. अंड्याचं 97 टक्के पचतं, म्हणून 4.36. कर्बोदकं आणि चरबीचेही भाव पदार्थागणिक थोडे इकडेतिकडे होतात. तुझ्या ॲपने पदार्थाचे खास भाव लावले, तू सरसकट लावलेस. आता 8.7 ला 3.47 ने गुण."

मी गुणलं. कर्बोदकांना कडधान्याचा 4.07 चा भाव लावला, चरबीला 8.37 चा. बेरीज आली 127. इतकं समाधान मला मुलीच्या निकालानंतरसुद्धा झालं नव्हतं. हे घरात बोललो नाही.

इथे खरं तर मी थांबायला हवं होतं. पण माणूस एकदा कपातीच्या वाटेला लागला की थांबत नाही. दोन दिवसांत मला आणखी एक आकडा सापडला. प्रथिन पचवण्यात आणि वापरण्यातच शरीराची बरीच उष्णता खर्च होते, कर्बोदकं आणि चरबीपेक्षा कितीतरी जास्त. ती वजा केली की प्रथिनाचा भाव उरतो 3.2. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या 2003 च्या अहवालातही हा आकडा आहे म्हटल्यावर मी उडीच मारली. माझं रोजचं प्रथिन 90 ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमला 0.8 वाचले. 90 गुणिले 0.8, म्हणजे दिवसाला 72 कॅलरी वाचल्या! हे घबाड मी त्याच रात्री दोन बिस्किटांवर उडवलं आणि रीतसर नोंदवलं.

ताईने नोंद पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"तुझी रोजची मर्यादा कशी काढलीस?"

"ॲपने. दिवसाला शरीर किती खर्च करतं त्यावरून."

"त्या खर्चात पचनाची उष्णता आधीच धरलेली असते, शहाण्या. खर्चाच्या बाजूलाही तीच आणि जमेच्या बाजूलाही तीच वजा. एकच बिल दोनदा लावलंस."

एकच बिल दोनदा! बावीस वर्षांत मी या गुन्ह्यासाठी तीन जणांना नोटीस दिली होती. मी निमूटपणे 4 वर परत आलो. 3.2 चा आकडा खोटा नाही, पण तो लावायचा तर खर्चाची बाजूही त्याच पद्धतीने मोजावी लागते. ते कोण करणार? त्यातून महिन्याच्या मध्यावर भाव बदलला, तर वजन कमी झालं ते खाण्यामुळे की खतावणीमुळे हेही कळत नाही. भाव थोडा चुकीचा असला तरी रोज तोच लावला, तर तीन-चार आठवड्यांत वजनाचा काटाच सांगतो मर्यादा कुठे सरकवायची ते.

"बरं, पण 3.47 आणि 4 च्या भानगडीने दिवसाला किती फरक पडतो?" मी विचारलं.

"तूच काढ. काल काय खाल्लंस?"

दोनशे ग्रॅम राजमा, म्हणजे सात कॅलरी कमी. दोन अंडी, साधारण शंभर ग्रॅम, म्हणजे पाच जास्त. निव्वळ फरक दोन. मी ते दोन लाल शाईने लिहिलं.

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. "भाजीला तेल किती घालतोस?"

"एक चमचा. पाच ग्रॅम. रोज लिहितो."

"घाल बघू."

तिने तेलाची बाटली वजनकाट्यावर ठेवली आणि काटा शून्यावर आणला. मी नेहमीसारखं ओतलं. चमचा शिगोशीग भरला, वर तेलाचा थरथरता फुगवटा आला, कढईपर्यंत नेताना त्यातलं थोडं सांडलं, आणि तेवढी भरपाई म्हणून मी बाटलीतून थेट एक धार सोडली. ही धार मी रोज सोडतो हे मला तेव्हा कळलं. बाटली पुन्हा काट्यावर ठेवली. उणे 11.

"सहा ग्रॅम बेहिशेबी," ताई म्हणाली. "नवाने गुण."

चौपन्न. एका भाजीत. मी दिवसाला दोन भाज्या करतो.

ताई गेल्यावर मी वही उघडून मागच्या चार दिवसांची तेलाची नोंद दुरुस्त करायला बसलो. राजम्याच्या पानावर, 127 च्या शेजारी, तेलाचं एक बोट उमटलेलं होतं. ते किती ग्रॅमचं असेल, याचा विचार करत अजून जागाच आहे.